‘C, E, F वरून G काढून द्या’: दुधाच्या दराचा फॉर्म्युला लिहिण्याआधी मी काय काय विचारते

आमच्या तालुक्यातल्या दूध संस्थांची कॉम्प्युटरची कामं मी करते. सभासदांची नोंद, दहा दिवसांची बिलं, असं सगळं. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना एका निरोपाची गोष्ट सांगते, कारण असा निरोप तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येणार आहे. एका संस्थेच्या सचिवांनी मोबाइलवर शीटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, C, E आणि F वरून G काढायचा फॉर्म्युला टाका. उद्या बिल काढायचंय.’

फोटोत वरच्या तीन ओळी कापल्या गेल्या होत्या. म्हणजे कॉलमना नावंच नव्हती. C मध्ये 1 आणि 2 असे आकडे, D मध्ये 6.5, 11, 4.2 असे, E मध्ये 3.6, 4.1, 6.8, आणि F मध्ये 28, 29, 28.5. G रिकामा. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला E म्हणजे फॅट हे लगेच कळतं. D म्हणजे लिटर असणार. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग. ‘फॅट आणि एसएनएफवरून दर’ हे गणित इतकं ओळखीचं आहे, की हात आपोआप कीबोर्डकडे जातो.

मी तो आवरते, कारण सुरुवातीच्या काळात एकदा मी तो आवरला नव्हता. दुसऱ्या एका संस्थेचं काम होतं. दरपत्रक वेगळ्या शीटवर होतं, खाली फॅट आणि आडवं एसएनएफ. मी दरपत्रक न उघडताच फॉर्म्युला लिहिला आणि `MATCH` च्या शेवटी 1 टाकला, म्हणजे तंतोतंत आकडा सापडला नाही तर त्याच्या खालचा घे. बिलं छापली, वाटली. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी काका स्लिप घेऊन आले. त्यांच्या दुधाला 3.5 फॅट लागलं होतं आणि दर 3.4 चा लागला होता. त्या दरपत्रकात एका पॉइंटला 30 पैशांचा फरक होता. त्यांचं रोजचं 12 लिटर दूध, दहा दिवस, म्हणजे 36 रुपये कमी. ज्यांच्या दुधाला 3.3 किंवा त्याहून जास्त फॅट होतं अशा जवळपास प्रत्येकाचं तसंच झालं होतं.

कारण दरपत्रकात होतं. ज्याने ते बनवलं, त्याने 3.0 पहिल्या घरात लिहून पुढे `=A3+0.1` असं ओढत नेलं होतं. कॉम्प्युटर 0.1 हा आकडा आतमध्ये अगदी नेमका साठवू शकत नाही, त्यामुळे तिसऱ्या पायरीपासून 3.3 च्या जागी 3.3000000000000003 असं काहीतरी तयार होतं. पडद्यावर मात्र 3.3 च दिसतं, आणि दशांश कितीही वाढवले तरी तो फरक दिसत नाही, कारण एक्सेल 15 अंकांपर्यंतच दाखवतं. आपण लिहिलेला 3.5 त्या घरातल्या 3.5 पेक्षा केसभर लहान ठरतो, आणि ‘खालचा घे’ म्हटल्यावर 3.4 ची ओळ उचलली जाते. कुठे लाल खूण नाही, चूक दाखवणारा शब्द नाही. ही चूक पकडायची तर एका रिकाम्या घरात हे टाकून बघायचं:

```
=MATCH(3.5,'गाय'!$A$3:$A$23,1)
```

दरपत्रक 3.0 पासून सुरू होत असेल तर 3.5 सहाव्या जागी असतं. उत्तर 6 आलं तर ठीक, 5 आलं तर दरपत्रकात हा दोष आहे. उपाय सोपा आहे. पायऱ्या हाताने आकडे टाइप करून लिहायच्या, किंवा `=ROUND(A3+0.1,1)` असं ओढायचं. आडव्या एसएनएफच्या ओळीलाही हेच लागू.

म्हणून सचिवांना मी पहिली गोष्ट मागितली ती फाइल. फोटोवरून फॉर्म्युला लिहायचा नाही हे मी ठरवून टाकलं आहे. फोटोत आकडा हा आकडा आहे की आकड्यासारखा दिसणारा मजकूर, हे कळत नाही. दरपत्रक दिसत नाही. एकत्र केलेली घरं दिसत नाहीत. आणि फाइल आल्यावरही आधी फोनच केला, कारण C आणि F बद्दल शंका होती.

‘साहेब, C मध्ये 1 आणि 2 म्हणजे सकाळ-संध्याकाळ का?’

‘नाही ओ ताई, 1 गाय, 2 म्हैस.’

हे अंदाजाने काढता आलं असतं, 2 असलेल्या ओळींत फॅट 6 च्या वर होतं. पण एका ओळीत 2 आणि फॅट 4.3 होतं. ती म्हैस आहे, की चुकून पडलेला 2, हे फक्त नोंद करणारा सांगू शकतो. सचिवांनी वही बघून सांगितलं की ती गाय आहे. गाय आणि म्हैस यांची दरपत्रकं वेगळी असल्याने मी म्हशीच्या ओळी वेगळ्या शीटवर घ्यायला सांगितल्या. पुढची गोष्ट गाईची.

मग F. ‘28, 29 हे एसएनएफ नसणार, साहेब. डिग्री आहे ना?’

‘हो, लॅक्टोमीटरची डिग्री. एसएनएफ कॉम्प्युटरनेच काढायचं.’

बघा, त्यांच्या निरोपात एसएनएफ हा शब्दच नव्हता. गाईच्या दुधाचं एसएनएफ साधारण साडेआठच्या आसपास असतं, 29 कधीच नसतं. मी F ला एसएनएफ धरून दर शोधायला लावला असता तर सगळीकडे `#N/A` आलं असतं आणि निदान चूक दिसली असती. खरी अडचण पुढे होती. डिग्रीवरून एसएनएफ काढायची सूत्रं एकापेक्षा जास्त वापरात आहेत. दोन्हीत डिग्री भागिले 4 आहे, पण पुढे एकात फॅटचा 0.21 पट आणि 0.36 मिळवतात, दुसऱ्यात 0.25 पट आणि 0.44. फॅट 3.6 आणि डिग्री 29 असेल तर पहिल्याने 8.366 येतं, दुसऱ्याने 8.59. दरपत्रकात हे दोन पायऱ्यांचं अंतर आहे. यातलं बरोबर कोणतं हे मी ठरवायचं नसतं. संस्था ज्या संघाला दूध घालते तो संघ ज्या सूत्राने मोजतो, तेच इथेही हवं, नाहीतर संस्था सभासदाला एक दर देईल आणि संघाकडून वेगळा घेईल. सचिवांनी संघाच्या सुपरवायझरला फोन केला. 0.21 आणि 0.36.

यानंतर मांडणी. फाइलमध्ये पहिल्या तीन ओळी शीर्षकाच्या, नोंदी चौथ्या ओळीपासून. पण प्रत्येक वेळच्या दुधानंतर मध्येच एक ‘एकूण’ ची ओळ होती, त्यात लिटरची बेरीज आणि फॅटची सरासरी. फॉर्म्युला वरून खाली ओढला की त्या ओळीलाही दर लागायला बघतो. त्याहून वाईट म्हणजे शेवटी H मधल्या रकमांची बेरीज घेतली की प्रत्येक रुपया दोनदा मोजला जातो. ‘एकूण’ ओळी काढून टाकायला सचिव तयार नव्हते, कारण संध्याकाळी संघाच्या गाडीला तोच आकडा द्यायचा असतो. म्हणून त्या बेरजा `SUBTOTAL(9,…)` ने केल्या. खालची मोठी बेरीजही त्यानेच केली की मधल्या बेरजा ती आपोआप वगळते.

आकडे मजकूर म्हणून तर बसले नाहीत ना, हे बघायला मी E आणि F वर `COUNT` आणि `COUNTA` दोन्ही लावते. दोघांचं उत्तर सारखं यायला हवं. इथे E मध्ये एकाचा फरक आला. एका घरात ‘3.8 ’ असं शेवटी मोकळी जागा सोडून लिहिलेलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न कडेच्या ओळींचे. दरपत्रक 3.0 ते 5.0 फॅट आणि 8.0 ते 9.1 एसएनएफ एवढंच आहे. फॅट 2.9 लागलं तर? सचिव म्हणाले, ‘ते दूध परत, पण कधीकधी घेतो, मग अध्यक्षांना विचारून दर ठरतो.’ मग फॉर्म्युल्याने तिथे शून्यही दाखवायचा नाही आणि सर्वांत खालचा दरही नाही. माणसाने थांबून बघावं म्हणून ‘तपासा’ हा शब्द दाखवायचा. फॅट 5.2 आलं तरी तसंच. मागे मी जो 1 वापरला होता, त्याने 5.2 ला गुपचूप 5.0 चा दर दिला असता. दूध आलंच नाही तर D रिकामा, तिथे G पण रिकामा. दूध आलं पण डिग्री लिहायची राहिली, तर ‘तपासा’.

दर मध्येच बदलला तर काय, हेही विचारलं. तेव्हा कळलं की याच दहा दिवसांत सहाव्या दिवसापासून नवीन दरपत्रक लागलं होतं, आणि जुन्यावरच नवीन चिकटवून टाकलं होतं. तसं केलं की मागच्या पाच दिवसांचे दरही बदलतात. जुनं दरपत्रक सचिवांकडे कागदावर होतं, ते पुन्हा वेगळ्या शीटवर भरलं, आणि पहिल्या पाच दिवसांच्या ओळींच्या फॉर्म्युल्यात ‘गाय’ च्या जागी त्या शीटचं नाव टाकलं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर एक्सेल 2010 होतं. `XLOOKUP` त्यात चालत नाही, ते एक्सेल 2021 आणि 365 मध्ये आलं. त्यामुळे `INDEX` आणि `MATCH`. एसएनएफ मी J मध्ये वेगळं ठेवलं, म्हणजे सचिवांना ते डोळ्यांनी बघता येईल:

```
=ROUND(F4/4+0.21*E4+0.36,1)
```

आणि G मध्ये:

```
=IF(D4="","",IFERROR(INDEX('गाय'!$B$3:$M$23,
MATCH(E4,'गाय'!$A$3:$A$23,0),
MATCH(J4,'गाय'!$B$2:$M$2,0)),"तपासा"))
```

डॉलरची खूण विसरलात तर दुसऱ्या ओळीत दरपत्रकाची सीमा एक घर खाली सरकते, आणि ओढत नेलं की वरच्या पायऱ्या एकेक करून गळत जातात.

हे फाइलमध्ये टाकण्याआधी सचिवांना तीन ओळी हाताने काढून पाठवायला सांगितल्या: एक नेहमीची, एक 5.0 फॅटची, एक डिग्री नसलेली. नेहमीची म्हणून त्यांनी तीच 3.6 आणि 29 ची ओळ घेतली. त्यांचा दर माझ्यापेक्षा एका पायरीने कमी आला. मी पुन्हा फोन केला. 8.366 हे एका दशांशापर्यंत आणताना माझ्या `ROUND` ने 8.4 केलं होतं, आणि त्यांनी 8.3 धरलं होतं. ‘आमच्याकडे पुढचा आकडा सोडूनच देतात, ताई. संघ पण तसंच करतो.’

J बदलला:

```
=ROUNDDOWN(ROUND(F4/4+0.21*E4+0.36,3),1)
```

आतला `ROUND` त्या केसभर फरकासाठी आहे. फॅट 4.0 आणि डिग्री 28 ला उत्तर बरोबर 8.2 यायला हवं, ते आतमध्ये 8.1999… असं साठलं गेलं तर खाली कापताना 8.1 होण्याची भीती असते. तीन दशांशांपर्यंत नीट करून मग कापलं की ती राहत नाही. सचिवांनी तिन्ही ओळी पुन्हा जुळवल्या, दोन जुळल्या आणि तिसरीत ‘तपासा’ आलं, जसं यायला हवं होतं. त्या ओळीची डिग्री त्यांना वहीत सापडली, 28.5.