अपॉइंटमेंटचे ॲप अडकल्यास काय करावे, आणि ‘Clear data’ला हात का लावू नये

सकाळच्या गर्दीत टॅबलेटवरचे अपॉइंटमेंटचे ॲप अडकले, की रिसेप्शनवर बसलेल्या व्यक्तीला चहूबाजूंनी सल्ले मिळू लागतात. त्यांतला सर्वांत घातक सल्ला बहुधा सर्वांत ठामपणे दिला जातो: ‘डेटा क्लिअर करा, लगेच चालू होईल.’ ॲप खरोखर चालू होते. मात्र सकाळपासून घेतलेल्या नोंदी त्याबरोबर कायमच्या जाऊ शकतात. पुढील क्रम अँड्रॉइड टॅबलेटसाठी आहे.

प्रथम ‘Save’वरचे बोट उचला. गोल फिरत असताना तेच बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास एकाच रुग्णाच्या दोन-तीन नोंदी होऊ शकतात. पडद्यावर दिसणारे नाव, फोन क्रमांक आणि वेळ वहीत लिहून घ्या, कारण अर्धवट भरलेला फॉर्म ॲप बंद करताच जातो. त्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नये; रुग्णांची माहिती कर्मचाऱ्यांच्या खासगी गॅलरीत असणे योग्य नाही. येथून पुढचे नंबर वहीतच लावा.

ॲप प्रतिसाद देत नसल्याची चौकट आल्यास एकदा ‘Wait’ निवडा आणि मिनिटभर थांबा. स्पर्शाला सुमारे पाच सेकंद उत्तर न मिळाल्यास अँड्रॉइड ही चौकट दाखवू शकते, त्यामुळे ती दिसली म्हणजे ॲप बिघडलेच असे नाही. त्या मिनिटात ब्राउझरमध्ये पूर्वी कधी न उघडलेले एखादे पान उघडून पाहा. वाय-फायचे चिन्ह केवळ राउटरशी जोडणी असल्याचे सांगते. राउटरपुढची लाइन बंद असली तरी ते दिसू शकते. पान उघडले नाही, तर दोष इंटरनेटचा आहे, आणि ॲपशी खटपट करण्यात अर्थ नाही.

इंटरनेट ठीक असेल, तर Settings, Apps या मार्गाने ॲपच्या पानावर जा आणि ‘Force stop’ दाबून ॲप पुन्हा उघडा. जतन झालेल्या नोंदी यामुळे पुसल्या जात नाहीत.

तरीही ॲप अडकत असेल, तर खरी कसोटी येथून सुरू होते. त्याच पानावर ‘Storage’मध्ये दोन बटणे शेजारी-शेजारी असतात. ‘Clear cache’ तात्पुरत्या फाइली काढते आणि ते दाबून पाहण्यास हरकत नाही. ‘Clear data’ किंवा काही टॅबलेटवरील ‘Clear storage’ मात्र ॲपने टॅबलेटवर साठवलेले सर्व काही पुसते. इंटरनेट नसतानाही नोंदी स्वीकारणारी ॲप्स त्या आधी टॅबलेटवर ठेवतात आणि लाइन आल्यावर सर्व्हरकडे पाठवतात. न पाठवलेल्या नोंदींची दुसरी प्रत कुठेही नसते. ॲप काढून पुन्हा टाकण्याचा परिणामही बहुधा हाच होतो, आणि तरीही तो उपाय निरुपद्रवी समजून सर्रास सुचवला जातो. ॲप म्हणजे क्रोममधून होम स्क्रीनवर ठेवलेले संकेतस्थळ असेल, तर क्रोममधील साइट डेटा पुसणेही तितकेच धोक्याचे आहे.

नोंदी सर्व्हरवर पोहोचल्या आहेत की नाहीत, हे तपासण्याचा भरवशाचा मार्ग एकच: तीच यादी डॉक्टरांच्या मोबाइलवर किंवा दवाखान्याच्या संगणकावर उघडणे. समजा, ॲप 10.40 वाजता अडकले, तुम्ही चौदा नंबर दिले होते आणि संगणकावर नऊच दिसत आहेत. याचा अर्थ उरलेल्या पाच नोंदी फक्त टॅबलेटवर असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बाहेर बसलेल्या रुग्णांना विचारून ती पाच नावे वहीत उतरवा, टॅबलेट बाजूला ठेवा आणि ॲप पुरवणाऱ्या कंपनीशी बोलेपर्यंत ‘Clear data’ला कोणालाही हात लावू देऊ नका. चौदाच्या चौदा नोंदी योग्य तारीख-वेळेसह संगणकावर दिसल्या, तरच ते बटण विचारात घ्यावे, आणि लॉगिनचा पासवर्ड हाताशी असल्याची आधी खात्री करावी.

पडदाच गोठला असेल, तर टॅबलेट सक्तीने रीस्टार्ट करावा लागतो. बऱ्याच टॅबलेटवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण काही सेकंद एकत्र दाबून धरल्यास तो रीस्टार्ट होतो. दर दोन दिवसांनी हाच प्रकार घडत असल्यास टॅबलेटमधील मोकळी जागा पाहा. फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ साठून जागा संपलेली असते आणि दोष ॲपला दिला जातो.

ॲप सुरू झाल्यावर वहीतील नोंदी लगेच भरू नका. अडकलेल्या नोंदी मागाहून आपोआप वर जाऊ शकतात, म्हणून काही मिनिटे थांबून संगणकावरील यादी पुन्हा उघडा, वहीतील प्रत्येक नाव फोन क्रमांकावरून तिच्याशी ताडून पाहा, आणि जे नाव तेथे नाही तेवढेच भरून वहीत त्यासमोर खूण करा.