चार टक्क्यांची आघाडी आणि ‘± ३ टक्के’: जनमत चाचणी कशी वाचावी

किती जणांना विचारलं, कुठे, कोणत्या तारखांना, आणि घरी जाऊन की फोनवर, एवढं आधी शोधा. ते दिलेलं नसेल तर ती चाचणी वाचण्यात वेळ घालवू नका. ‘अजून ठरवलं नाही’ म्हणणारे किती होते, तेही बघा. त्यांना वगळून टक्के काढले असतील तर सगळ्यांचेच आकडे फुगलेले दिसतात.

आता मुख्य अडचण, जिथे मी स्वतः तोंडघशी पडलो.

समजा, पुणे लोकसभा मतदारसंघातल्या १,००० मतदारांना विचारलं. पहिल्या उमेदवाराला ४४ टक्के, दुसऱ्याला ४०, उरलेले इतरांकडे किंवा कुंपणावर. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मार्जिन ऑफ एरर ± ३ टक्के. काही वर्षांपूर्वी असाच तक्ता दाखवून मी काकांना ठासून सांगितलं होतं, “काका, आघाडी चारची, चूक फार तर तीनची. म्हणजे हा निवडून आलाच!” निकालात दुसरा जिंकला. माझी बेरीज-वजाबाकी बरोबर होती; ते तीन टक्के कशाला लावायचे, हेच मला कळलं नव्हतं.

ते तीन टक्के प्रत्येक आकड्याला वेगळे लागतात, आघाडीला नाही. म्हणजे ४४ चा खरा आकडा ४१ ते ४७ मध्ये असू शकतो आणि ४० चा ३७ ते ४३ मध्ये. तेही ‘९५ टक्के खात्रीने’, म्हणजे अशा वीस चाचण्या घेतल्या तर साधारण एका चाचणीत खरा आकडा या पट्ट्याच्याही बाहेर जाणार.

आघाडीचं गणित वेगळं आहे, कारण दोन्ही आकडे त्याच हजार जणांमधून आले आहेत. योगायोगाने पहिल्याचे २० समर्थक जास्त भेटले, तर यादीतल्या त्या २० जागा कुणाच्या तरी गेल्या, आणि बऱ्याचदा त्या दुसऱ्याच्याच असतात. पहिला ४४ वरून ४६ वर गेला, दुसरा ४० वरून ३८ वर आला. दोघे दोन-दोन टक्के हलले, पण आघाडी चारवरून आठ झाली! म्हणून थेट लढतीत आघाडीची मर्यादा छापलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट धरा. आपल्या उदाहरणात ती नेमकी काढली तर सुमारे ५.७ येते. म्हणजे पहिला जवळपास दहा टक्क्यांनी पुढे असू शकतो, नाहीतर पावणेदोन टक्क्यांनी मागेही.

पण म्हणून ‘दोघे बरोबरीत आहेत’ असंही म्हणू नका. ही चूकही तितकीच सर्रास होते. पट्ट्याच्या मधले आकडे टोकांपेक्षा जास्त संभवतात, त्यामुळे पहिला पुढे असण्याची शक्यता चांगलीच जास्त आहे. फक्त तिला निकाल समजू नका.

मागच्या महिन्यात ४१ होते, आता ४४ झाले, म्हणजे ‘लाट आली’? हजार-हजारांच्या दोन चाचण्यांमधल्या फरकाची मर्यादा साधारण साडेचार टक्के असते. तीनचा फरक निव्वळ योगायोगानेही दिसतो.

‘कोथरूडमध्ये मात्र चित्र उलटं’ अशा ओळींपासून तर लांबच राहा. या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं आहेत, म्हणजे हजारांपैकी कोथरूडच्या वाट्याला येतात जेमतेम १६५ जण. हिशोब सोपा आहे: १०० ला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागा. हजाराचं वर्गमूळ सुमारे ३२, म्हणून तीन टक्के. १६५ चं सुमारे १३, म्हणून जवळपास आठ टक्के. आठ टक्क्यांत कुठलंही चित्र उलटं होतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ही मर्यादा फक्त नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाची असते. ज्यांनी दार उघडलं नाही, ज्यांनी खरं मत सांगितलं नाही, जे मतदानालाच जाणार नाहीत, त्यांचा हिशोब तिच्यात नसतो. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. चूक योगायोगाची असती तर काहींचे आकडे निकालाच्या वर गेले असते, काहींचे खाली. जवळजवळ सगळे एकाच बाजूला चुकले, म्हणजे दोष माणसं निवडण्यात, त्यांच्या उत्तरांत किंवा मतांवरून जागा काढण्याच्या पद्धतीत होता. असा दोष हजाराऐवजी लाखभर लोकांना विचारूनही जात नाही, आणि पाच चाचण्यांची सरासरी काढूनही नाही. म्हणून चाचणी कितीही मोठी असली तरी छापलेल्या मर्यादेपेक्षा मी नेहमी जास्तच चूक धरून चालतो.