मल्लखांबासाठी ताकद: ओढ, पकड आणि जमिनीवर उतरण्याची तयारी

पुल-अप वाढले की मल्लखांब आपोआप सुधारतो, हा सल्ला मला अनेकदा मिळाला आणि सुरुवातीला मी तो मुकाट पाळलाही. दांडीवर पंधरा पुल-अप निघायला लागले, तरी पुरलेल्या खांबावर हात घसरायचे ते घसरायचेच. आणि पहिली मोठी दुखापत झाली ती वर चढताना नाही, खाली उतरताना. म्हणून ओढ आणि पकड यांचं थोडक्यात सांगतो आणि उतरण्याकडे नीट वळतो.

ओढीसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरतात. दांडीला लटका, कोपरं न वाकवता फक्त खांद्याची पाती खाली ओढा आणि सोडा, असं दहा वेळा. मग स्टुलावरून हनुवटी दांडीच्या वर न्या आणि पाच सेकंद घेत सावकाश खाली या. चार-चारचे चार सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. झटके देऊन काढलेले पुल-अप मोजूच नका. दोरीवर काम करणाऱ्यांनी शेवटी दोरी धरून नुसतं लटकण्याचे दोन-तीन सेट जोडावेत. कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावून दुखलं, तर त्या आठवड्यात आवर्तनं निम्मी करा. स्नायू लवकर ताकद धरतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे सावकाश तयार होतात, आणि कोपर दुखतं ते बहुतेक वेळा या फरकामुळे.

पकडीत दोरी आणि खांब हे दोन वेगळे विषय आहेत. दोरी मुठीत मावते, त्यामुळे टॉवेल दांडीवर टाकून त्याची दोन टोकं धरून लटकणं हा तिच्यासाठी उत्तम व्यायाम. खांबाला मात्र हात पुरत नाहीत. बुंध्याशी तो इतका जाड असतो की बोटं एकमेकांना भेटतच नाहीत, वर एरंडेल लावलेलं. तिथे पकड बोटांची नसते. ती छाती, दंड, बगल आणि मांड्यांच्या आतल्या स्नायूंच्या दाबाची असते. अढीत, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालताना, घसरणाऱ्या मुलाला पंजाचे व्यायाम देणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. त्याला पाठीवर झोपवून गुडघ्यांमध्ये घट्ट गुंडाळलेली चटई द्या आणि दहा सेकंद पूर्ण ताकदीने दाबायला लावा, सहा वेळा. राळ मदत करते, पण दाबाची उणीव भरून काढत नाही.

आता उतरणं.

माझी चूक अशी होती: संच चांगला झाला, हात थकले होते, मनात संपल्याची भावना आली आणि मी खाली उडी घेतली. गादी जाड आणि मऊ होती. उजवा चवडा तिच्यात रुतला, घोटा आत वळला, आणि तीन आठवडे मला नीट चालता येत नव्हतं. तेव्हा सगळे म्हणाले, गादी होती म्हणून वाचलास. आज माझं मत उलट आहे. मोठी उडी पहिल्यांदा शिकताना जाड गादी हवीच, पण पाय तयार करायला ती वाईट, कारण तिच्यावर चुकीचं उतरलं तरी तुम्हाला कळत नाही. सराव पातळ, घट्ट गादीवर करा, अनवाणी.

हिशेब समजून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. साठ सेंटिमीटरवरून खाली आल्यावर शरीर दहा सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या सातपट जोर येतो. तेच तीस सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर तिप्पट. उंची तीच, वजन तेच, फरक फक्त गुडघे आणि खुबे किती वाकले त्याचा. ताठ पायांनी उतरणाऱ्याला पोटरीची ताकद वाचवू शकत नाही.

म्हणून आधी पाया. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी टाचा वर उचला आणि एका पायावर तीन सेकंदांत खाली आणा, प्रत्येक पायाने बारा, तीन सेट. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीतले दोन स्नायू वेगवेगळ्या कोनात काम करतात. पंधरा दिवस एवढंच करा. हे टाळून थेट उड्यांवर जाणारे नडगीच्या दुखण्याने परत येतात.

मग वीस सेंटिमीटरची पायरी. उडी मारू नका, पाय पुढे टाकून नुसते खाली या. चवडे आधी टेकतील, मग टाचा हळूच, खुबे मागे, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. त्याच अवस्थेत तीन सेकंद थांबा. पाच वेळा, चार फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, आणि नेहमी सरावाच्या सुरुवातीला, शेवटी कधीच नाही. थकलेल्या पायांनी शिकलेलं लँडिंग तसंच अंगवळणी पडतं.

उंची कधी वाढवायची? कान लावा. टाचेचा धप्प आवाज आला, तर उंची जास्त आहे. वीसही उतरणं सारख्याच आवाजात झाली, सलग दोन दिवस, तरच वीसवरून चाळीस, चाळीसवरून साठ. तारखेवरून वाढवणं मला मान्य नाही.

माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा होता, पुल-अप बारा, पण गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं. त्याला साठवरून उतरवलं आणि समोरून मोबाईलवर चित्रण केलं. डावा गुडघा प्रत्येक वेळी आत झुकत होता. आम्ही परत वीसवर आलो आणि त्याच्यासाठी एक व्यायाम जोडला: पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवायची, आठ वेळा, तीन सेट, आरशासमोर. तीन आठवड्यांत गुडघा सरळ झाला, सातव्या आठवड्यात तो साठवर आवाज न करता उतरत होता. त्याचं दुखणं ताकद कमी म्हणून नव्हतं, दिशा चुकली म्हणून होतं.

शेवटचा टप्पा बहुतेक लोक गाळतात. मल्लखांबावरून उतरताना पुष्कळदा पाठ जमिनीकडे असते, म्हणजे जमीन दिसत नाही. म्हणून साठ नीट जमल्यावर पुन्हा वीसवर या आणि पाठमोरे उतरा, नंतर हवेत पाव वळण घेऊन. सुरुवातीला पाठीमागे एक जण उभा हवा.

मोजमापासाठी एकच कसोटी वापरा: दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा पावलं. टाच, वाटीखाली किंवा नडगीत टोचलं, तर पुढच्या वेळी उतरणं निम्मी आणि उंची एक पायरी खाली. वाढत्या वयाच्या मुलांच्या टाचेत दुखत असेल, तर उड्या पूर्ण बंद करा, फक्त ओढ आणि पकड चालू ठेवा. आठवड्यानंतरही दुखणं तसंच असेल किंवा सूज आली, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खांबावर चढू नका.