जीडीपी वाढतोय, तरी बेरोजगारी का वाढते? आउटपुट गॅप मांडताना या चुका टाळा

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास सापडतं: 'जीडीपी वाढला म्हणजे बेरोजगारी कमी झाली.' वाचायला सरळ वाटतं, पण पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बेरोजगारी ठरते ती उत्पादन वाढलं की घटलं यावरून नाही, तर ते संभाव्य उत्पादनाच्या तुलनेत कुठे आहे यावरून. संभाव्य उत्पादन म्हणजे कामगार आणि यंत्रं नेहमीच्या गतीनं वापरात असताना, महागाईला फूस न देता जितकं उत्पादन टिकवून धरता येतं तितकं. प्रत्यक्ष उत्पादन त्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे, ते आउटपुट गॅप सांगते:

```
गॅप (%) = (प्रत्यक्ष − संभाव्य) ÷ संभाव्य × 100
```

आकडे घालून बघू. एका काल्पनिक अर्थव्यवस्थेत दोन्ही उत्पादनं 1000 आहेत आणि बेरोजगारी 5 टक्के. नवे कामगार येतात, उत्पादकता सुधारते, त्यामुळे संभाव्य उत्पादन दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढतं. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष वाढ होते फक्त 1 टक्का. प्रत्यक्ष 1010, संभाव्य 1030, म्हणजे गॅप उणे 1.9 टक्के. उत्पादन वाढलं खरं, पण तेवढंच उत्पादन आता कमी माणसांत निघतं आणि कामाच्या शोधात नवी माणसंही आली आहेत. बेरोजगारी साधारण 6 टक्क्यांवर जाते.

दुसऱ्या वर्षी वाढ 3 टक्के होते आणि इथे पुष्कळ जण दुसऱ्यांदा घसरतात. 'वाढीचा दर पूर्ववत झाला, गॅप मिटली' असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात 1040.3 विरुद्ध 1060.9. गॅप जिथल्या तिथे, बेरोजगारीही 6 टक्क्यांवर अडकलेली. गॅप पातळीची असते, वेगाची नाही. मागे पडलेल्याला बरोबरीला यायचं तर पुढच्यापेक्षा जोरात पळावं लागतं. आपल्या उदाहरणात सलग दोन वर्षं 4 टक्के वाढ झाली, तर गॅप जवळपास शून्यावर येते. तुमच्या उत्तरात वाढ संभाव्य दराइतकीच असूनही बेरोजगारी उतरताना दिसली, तर पातळीच्या जागी वेग वापरला आहे असं समजा.

1.9 टक्के गॅपमागे बेरोजगारी एकच टक्केबिंदू का वाढली? हे प्रमाण मी ओकनच्या नियमावरून घेतलं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी 1962 मध्ये अमेरिकेचे आकडे तपासून दाखवलं, की बेरोजगारी 4 टक्क्यांच्या वर एक टक्केबिंदू गेली की उत्पादन संभाव्यपेक्षा साधारण 3 टक्के कमी भरतं. अलीकडे तिथे हे प्रमाण एकास दोनच्या आसपास धरतात. मागणी घटली की मालक लगेच माणसं काढत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तास कमी होतात. शिकवलेला कामगार पुन्हा मिळणं अवघड, म्हणून काम कमी असलं तरी त्याला ठेवून घेतात. आणि काही जण कंटाळून काम शोधणंच सोडतात. ते बेरोजगारांत मोजलेच जात नाहीत.

हे प्रमाण कुठल्याही देशाला जसंच्या तसं चिकटवणं ही पुढची चूक. 2009 मध्ये जर्मनीचा जीडीपी 5 टक्क्यांहून जास्त घसरला, पण बेरोजगारी जेमतेम वाढली. तिथे 'कुर्त्सआर्बाइट' योजनेत कामगारांचे तास कापले जातात आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी यंत्रणा भरते. गॅपचा फटका नोकऱ्यांऐवजी तासांवर गेला. त्याच सुमाराला अमेरिकेत मंदी जून 2009 मध्ये संपली, तरी बेरोजगारी ऑक्टोबरमध्ये 10 टक्क्यांवर पोहोचली. म्हणून एकाच तिमाहीचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून नियम खोटा ठरवायची घाई करू नका. बेरोजगारी काही महिने मागून येते.

संभाव्य म्हणजे कमाल, हा गैरसमज शब्दामुळेच होतो. कारखाने रात्रंदिवस चालवून, ओव्हरटाइम देऊन उत्पादन संभाव्यच्या वर नेता येतं. तेव्हा गॅप धन होते, बेरोजगारी नेहमीच्या पातळीखाली जाते आणि मजुरीबरोबर भाव चढू लागतात. मुळात गॅप शून्य असतानाही बेरोजगारी शून्य नसते. वरच्या उदाहरणातले 5 टक्के नोकरी बदलणारे आणि मागणीशी कौशल्य न जुळणारे लोक आहेत.

राहिला सगळ्यात नाजूक भाग: संभाव्य उत्पादन कुणी मोजत नाही, ते अंदाजानं काढतात. 2008 च्या संकटानंतर अमेरिकी काँग्रेसच्या बजेट कार्यालयानं संभाव्य उत्पादनाचे आपले अंदाज वारंवार खाली आणले. अशा वेळी प्रत्यक्ष उत्पादन एक रुपयानंही न वाढता कागदावरची गॅप आक्रसते. त्यामुळे गॅप कमी झालेली दिसली की आधी मागच्या अहवालातला संभाव्य उत्पादनाचा आकडा काढून नव्याशी ताडून बघा. तोच खाली आला असेल, तर बेरोजगारी उतरण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.