ईमेलने पाठवलेली निविदा ‘सशर्त’ ठरत असेल तर

आमचं यवतमाळ जिल्ह्यात ताडपत्री पुरवठ्याचं काम. एका जिनिंगच्या निविदेला कागद पूर्ण, दर कमी, तरी उत्तर एकच: ‘निविदा सशर्त, अपात्र.’ ईमेलमध्ये कंपनीची ओळख वाढवून लिहून पाहिली, सगळ्या फाइली झिप करून पाहिल्या, फरक नाही. डोकं फिरायची पाळी आली होती.

कारण ईमेलच्या शेवटच्या ओळीत होतं: ‘दर बाजारभावानुसार बदलू शकतात.’ आपल्याकडे कोटेशनखाली ही ओळ सवयीनं येतेच, पण निविदेत ती अट ठरते. शिवाय ‘वैधता 90 दिवस’ लिहिलं, पण कधीपासून ते नाही.

मग हा क्रम ठेवला. आधी ती ओळ काढली. विषयात निविदा क्रमांक आणि कामाचं नाव, निविदेत आहे तसंच. पहिलं वाक्य: ‘निविदेतील सर्व अटी व तांत्रिक निकष कोणत्याही बदलाविना मान्य आहेत.’ (खरंच काही मान्य नसेल तर हे लिहू नका, मुदतीआधी विचारून घ्या.) मग वैधता: ‘सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून, 10 मार्च 2025 पासून, 90 दिवस, म्हणजे 8 जून 2025 पर्यंत.’ मोजणी कुठून, ते निविदेतच पाहा; काही ठिकाणी उघडण्याच्या तारखेपासून असते. शेवटी जोडपत्रं, फाइलींच्या नावांसह त्याच क्रमानं.

तांत्रिक आणि दराचा असे दोन वेगळे लिफाफे असतील तर ईमेलमध्ये रक्कम लिहू नका, दर आधीच फुटतो. हा क्रम पाळल्यावर पुढच्या निविदेत आम्ही पात्र ठरलो आणि आमचं दरपत्रक उघडलं गेलं.