ट्रान्सफॉर्मर चार्ज करताच डिफरेन्शियल ट्रिप? या चुका टाळा

ब्रेकर लावला, घुर्र आवाज झाला आणि क्षणात डिफरेन्शियलने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक बघणाऱ्या रिलेने, ट्रिप दिली. यानंतर जे होतं ते मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता रेकॉर्ड उघडायच्या आधीच अंदाज बांधता येतो. कोणीतरी सेटिंगला हात लावतो, पुन्हा चार्ज करतो, पुन्हा ट्रिप, मग आणखी एक सेटिंग. रेकॉर्ड मात्र शेवटी बघतात.

आधी इनरश, म्हणजे चार्ज करताच उसळणारा मोठा करंट, येतो कुठून ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्म्या चुका आपोआप टळतील. कोअरमधला फ्लक्स हा व्होल्टेजच्या बेरजेतून, म्हणजे इंटिग्रलमधून, तयार होतो. व्होल्टेज शून्यातून जात असताना ब्रेकर लागला तर पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये फ्लक्सला नेहमीच्या शिखराच्या दुप्पट चढावं लागतं. कोअर नेहमी १.७ टेस्लाच्या आसपास चालतो असं धरा. दुप्पट म्हणजे ३.४. त्यात आधीचा ०.८ टेस्ला फ्लक्स त्याच दिशेने उरला असेल तर मागणी ४.२ वर जाते. कोअरचं पोलाद मात्र साधारण २ टेस्लालाच संतृप्त होतं. त्यापुढचा फ्लक्स पोलादाबाहेरच्या मोकळ्या जागेतून न्यावा लागतो आणि वाइंडिंग जवळजवळ कोअर नसलेल्या कॉइलसारखं वागायला लागतं. एरवी पूर्ण लोडच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असणारा मॅग्नेटायझिंग करंट मग लोड करंटच्या काही पट होतो.

हा करंट फक्त चार्ज केलेल्या बाजूला वाहतो. दुसऱ्या बाजूचा करंट मोजणारा सीटी शून्य दाखवतो, म्हणून रिलेला सगळाच करंट डिफरेन्शियल दिसतो. अशा वेळी स्लोप, म्हणजे बायसच्या किती टक्के डिफरेन्शियल झाला की ट्रिप द्यायची ते सेटिंग, वाढवणाऱ्यांना हात जोडावेत. बायस म्हणजे दोन्ही बाजूंच्या करंटच्या आकारावरून काढलेला, तुलनेसाठीचा करंट. करंट एकाच बाजूचा असताना डिफरेन्शियल आणि बायस सोबतच वाढतात, त्यामुळे स्लोप ३० चा ५० केला तरी काडीचा फरक पडत नाही.

रिलेला ओळख पटते ती लाटेच्या आकारावरून. इनरशचे धक्के एकाच दिशेचे असतात: एक उंच सुळका, मग बराच वेळ शून्याजवळची सपाट रेघ, मग पुन्हा सुळका. असा एकांगी आकार आला की त्यात १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंड हार्मोनिकचा, भाग भरपूर असतो. अंतर्गत फॉल्टचा करंट त्या मानाने शुद्ध ५० हर्ट्झचा असतो. म्हणून रिले सेकंड हार्मोनिकला मूळ करंटने भागतो आणि गुणोत्तर सेटिंगच्या वर गेलं की ट्रिप रोखतो. १५ टक्के हे नेहमीचं सेटिंग.

आता माझी आवडती चूक. एका ठिकाणी १३२/३३ केव्ही, २० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पहिल्याच चार्जिंगला ट्रिप झाला. पूर्ण लोडचा करंट ८७ अँपियर, सुळका ५०० अँपियरच्या आसपास, म्हणजे लोडच्या शिखराच्या साधारण चौपट. रिलेच्या हिशेबात आर फेजमध्ये सेकंड हार्मोनिक ३१ टक्के, वायमध्ये २२, बीमध्ये १२. बी फेज १५ च्या खाली राहिला म्हणून एकट्या बीने ट्रिप दिली. तिथल्या उत्साही पोराने सेटिंग १५ वरून २० केलं. का, तर म्हणे "रिस्ट्रेंट वाढवला."

अरे बाबा, ती रोखण्यासाठी लागणारी किमान टक्केवारी आहे. ती वाढवली की रिले इनरशला इनरश मानायला अधिक पुरावा मागतो, म्हणजे ट्रिप सोपी होते. पुढच्या चार्जिंगला वाय फेजमध्ये १८ टक्के आले. जुन्या सेटिंगवर तो रोखला गेला असता, २० वर तोही सुटला. दोन फेजने ट्रिप दिली म्हटल्यावर "फॉल्ट पक्का" असा निष्कर्ष निघाला आणि टाकी उघडायची तयारी सुरू झाली. टाकीतला गॅस ओळखणारा बुखोल्झ रिले शांत होता, अर्थ फॉल्ट रिले शांत होता, बसचं व्होल्टेज एकाही फेजमध्ये खचलं नव्हतं, आणि लाट प्रत्येक सायकलला थोडी थोडी ओसरत होती. हे चारही पुरावे रेकॉर्डवर आणि पॅनेलवर असताना कोणी बघितले नव्हते.

बी फेजमध्ये एवढा कमी हार्मोनिक का? तिन्ही फेजचा फ्लक्स वेगवेगळ्या क्षणी पकडला जातो, त्यामुळे तिघांचा आकार सारखा नसतो. शिवाय रिले व्हेक्टर ग्रुप, म्हणजे दोन वाइंडिंगमधला फेजचा कोनफरक, जुळवताना एका फेजमधून दुसरी वजा करतो. दोन फेजचे सुळके विरुद्ध दिशेचे असले तर या वजाबाकीत मूळ लाट वाढते, पण सेकंड हार्मोनिक तितका वाढत नाही. गुणोत्तर पडतं.

आणि इनरश एवढा मोठा का? आदल्या दिवशी वाइंडिंग रेझिस्टन्स टेस्ट झाली होती. डीसी करंट देऊन कोअर एका दिशेला चुंबकून ठेवला आणि तसाच सोडून दिला. मी ही टेस्ट झाली की उलटसुलट दिशेने, दर वेळी कमी करत, डीसी देऊन कोअर डीमॅग्नेटाइझ करतोच. वेळ जातो म्हणून कुरकुरणारे सगळीकडे असतात. इथे तेच केलं, सेटिंग पुन्हा १५ वर आणलं आणि क्रॉस ब्लॉकिंग चालू केलं, म्हणजे एका फेजमध्ये इनरश दिसला की तिन्ही फेज रोखले जातात. ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला आणि टिकला.

क्रॉस ब्लॉकिंग मी थोड्याच सायकलींपुरतं ठेवतो, कायम नाही. चार्ज करतानाच एका फेजमध्ये खरा फॉल्ट असेल तर बाकी दोन निरोगी फेजचा इनरश त्याची ट्रिप अडवून बसतो.

मग सेटिंग थेट ५ टक्क्यांवर का आणू नये, असं अधीर मंडळी विचारतात. कारण मोठ्या अंतर्गत फॉल्टमध्ये सीटी संतृप्त झाला की त्याच्या सेकंडरीतही सेकंड हार्मोनिक उगवतो, आणि मग खऱ्या फॉल्टलाच रिले इनरश समजून थांबतो. त्यासाठीच हार्मोनिक न बघता मोठ्या डिफरेन्शियल करंटला थेट ट्रिप देणारा हायसेट असतो. तो इनरशच्या वर ठेवा. मी पूर्ण लोड करंटच्या साधारण ८ पटीच्या खाली आणत नाही. "जलद ट्रिप" हवी म्हणून ४ पटीवर ठेवलेला हायसेट चार्जिंगला हमखास पडतो, आणि दोष हार्मोनिक ब्लॉकला दिला जातो.

बाकीच्या चुका पटापट. शेजारचा ट्रान्सफॉर्मर चार्ज केला की आधीपासून चालू असलेल्यातही इनरश येऊ शकतो, तेव्हा त्याच्या ट्रिपवर फॉल्ट शोधत बसू नका. शक्य असेल तर बाहेरच्या, म्हणजे बहुधा एचव्ही वाइंडिंगच्या बाजूने चार्ज करा. आतल्या वाइंडिंगकडून इनरश लोडच्या मानाने जास्त येतो. व्होल्टेजच्या शिखरावर लावला तर इनरश येत नाही हे एका फेजपुरतं खरं आहे, तिन्ही पोल एकत्र लागणाऱ्या ब्रेकरला ते जमत नाही.

कमिशनिंगला नुसता ५० हर्ट्झ टाकून पिकअप, म्हणजे रिले जागा होतो तो किमान करंट, आणि स्लोप तपासून सही करणारेही पुष्कळ आहेत. पिकअपच्या बराच वर एक अँपियर ५० हर्ट्झ द्या आणि त्याच चॅनलवर ०.२ अँपियर १०० हर्ट्झ मिसळा; १५ टक्के सेटिंगला रिले थांबला पाहिजे. मग १०० हर्ट्झ हळूहळू कमी करत जा, ०.१५ च्या आसपास ट्रिप आली पाहिजे. क्रॉस ब्लॉकिंग चालू असेल तर एका फेजला हे मिश्रण आणि दुसऱ्याला शुद्ध ५० हर्ट्झ देऊन दुसरा किती वेळ अडतो तेही मोजून घ्या.