व्हेरिकोसील आहे? मग या चुका टाळा

व्हेरिकोसील म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं. असा रुग्ण समोर बसला की मी सगळ्यात आधी विचारतो, "टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल चालू आहे का?" ही सवय मला एका 32 वर्षांच्या रुग्णामुळे लागली.

दीड वर्ष मूल होत नव्हतं म्हणून तो आला होता. उभं राहिल्यावर डाव्या बाजूच्या फुगलेल्या शिरा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. शुक्राणू 90 लाख प्रति मिलिलिटर होते. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. सकाळचं टेस्टोस्टेरॉन 270 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर भरलं, म्हणजे 300 या खालच्या मर्यादेपेक्षा कमी. मी दुसरी वीर्यतपासणी सांगितली, आणि तो चार महिने आलाच नाही. मधल्या काळात कुणीतरी त्याला "टेस्टोस्टेरॉन कमी आहे ना, मग तेच घे" असं सांगून इंजेक्शनं सुरू करून दिली. परत आला तेव्हा रक्तातला आकडा 800 वर होता आणि तो खुशीत होता. वीर्याच्या अहवालात मात्र शुक्राणू शून्य.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम पाठवणं थांबवते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असावं लागतं, तेव्हाच शुक्राणू तयार होतात. इंजेक्शनाने रक्तातलं प्रमाण वाढतं, पण वृषणातलं कोसळतं. त्याचं इंजेक्शन बंद केलं. शुक्राणू पूर्वीच्या आकड्याच्या जवळ यायला सात महिने गेले, आणि तेवढं त्याच्या बायकोचं वयही पुढे सरकलं. मग मायक्रोस्कोपखाली शिरा बांधल्या. सहा महिन्यांनी शुक्राणू 2 कोटी 20 लाख, टेस्टोस्टेरॉन 380. हे सगळं सात महिने आधी करता आलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं. मूल हवं असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे, टेस्टोस्टेरॉन कमी आहे एवढ्याच कारणावरून ऑपरेशनची घाई. ज्यांचं आधीच कमी आहे, त्यांच्यात शिरा बांधल्यावर ते बऱ्याचदा काही प्रमाणात वाढतं. ज्यांचं व्यवस्थित आहे, त्यांना फारसा फरक पडत नाही. वाढ मिळाली तर चांगलंच, पण तिची हमी देऊन सुरी हातात घेणं मला पटत नाही.

आता डॉपलरचं, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं. कुणी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी करतो, अहवालात "सौम्य व्हेरिकोसील" छापून येतं, आणि तो घाबरून ऑपरेशनची तारीख मागतो. साधारण 15 टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मूल व्हायला काहीही अडचण येत नाही. जे हाताला लागत नाही, फक्त यंत्रावर दिसतं, ते बांधून फायदा होत नाही. मी रुग्णाला उबदार खोलीत उभं करतो, आधी तसंच तपासतो, मग श्वास रोखून पोटावर जोर द्यायला लावतो. गार खोलीत अंडकोषाची कातडी आकसते आणि शिरा हाताला नीट लागत नाहीत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी ती टाळून थेट डॉपलर लिहिलेला मी रोज पाहतो.

मग ऑपरेशन कुणाला उपयोगी? व्हेरिकोसील हाताला लागतंय, वीर्याचे अहवाल बिघडलेले आहेत, मूल हवंय, आणि बायकोच्या तपासण्या ठीक आहेत किंवा तिच्यातला दोष बरा होण्यासारखा आहे, अशा जोडप्याला. उभं राहून दिवसअखेर जडपणा येतो, आडवं झाल्यावर थांबतो आणि बाकी उपायांना दाद देत नाही, अशा दुखण्यालाही. वाढत्या वयाच्या मुलात त्या बाजूचं वृषण दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लहान राहत असेल, तर त्यालाही.

एकाच वीर्यतपासणीवर निर्णय घेऊ नका. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा, आणि मधल्या काळात ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशननंतर महिनाभरात अहवाल काढून निराश होऊ नका. शुक्राणू तयार व्हायला जवळपास 74 दिवस लागतात, म्हणून मी पहिली तपासणी तीन महिन्यांनी करतो.

आणि सूज आडवं झाल्यावरही ओसरत नसेल, अचानक आली असेल किंवा फक्त उजव्या बाजूला असेल, तर पोटाची आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. तिथली गाठ शिरेवर दाब देत असू शकते. अचानक असह्य कळ आली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला हातात जेमतेम सहा तास असतात.